गोटीरामने घातलेली भिंत

गोटीराम भगतला चहाला घरी बोलावण्यात एक धोका आहे. बाकीचे पाहुणे कप हातात घेतला की यजमानाच्या तोंडाकडे बघतात, हा छताकडे बघतो. मग कोपऱ्याकडे, मग दाराच्या चौकटीकडे. दोन घोट झाले की अगदी सहज विचारतो, "पायपासाठी ह्यो बीम कोनी फोडला?" आणि यजमानाच्या घशाखाली बिस्कीट उतरत नाही.

बेलापूरच्या खाडीकाठी, दिवाळे गावाच्या अलीकडे त्याचं गावठाण. बापाची मिठागरं होती, थोडी भाताची जमीन होती. ती जाऊन तिथे शहर उभं राहिलं तेव्हा गोटीराम सोळा वर्षांचा होता. गावातली इतर पोरं कुणी रबाळ्याच्या कारखान्यात लागली, कुणी पुढे उरणला बंदरावर. हा आपल्याच बापाच्या शेतात उभ्या राहणाऱ्या इमारतींवर विटा लावायला गेला. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "जमीन आमची, निदान भिंती तरी सरळ बांधू," असं तो म्हणायचा, आणि सरळ बांधायचा. ओळंबा लावायच्या आधीच त्याला दिसायचं भिंत कुठे कललीय ते.

आता अडुसष्टाव्या वर्षी तो विटा लावत नाही. गुडघे बोलतात. पण वाशीपासून सीवूड्सपर्यंत कुणाला स्वयंपाकघर मोठं करायचं असलं, हॉलमधली भिंत काढून टाकायची असली, की ठेकेदाराच्या आधी गोटीरामला बोलावतात. तो येतो आणि भिंत कसली आहे ते सांगतो. भार पेलणारी, की नुसती आडोशाची. आडोशाच्या अर्ध्या विटेच्या भिंतीला आमच्याकडे पडदी म्हणतात. पडदी पाडता येते. भार पेलणारीला हात लावायचा नाही.

लोकांना वाटतं तो बोटाने टकटक करून ओळखतो. भिंतीवर टकटक करणाऱ्या माणसाचा गोटीरामला फार राग आहे. "आतून पोकळ वाजते" असं कुणी म्हटलं की तो म्हणतो, "ते प्लास्टर सुटलंय. तुमचं डोकं पन वाजवून बघू काय?" त्याची रीत साधी होती. आधी दाराशी उभं राहून भिंतीची जाडी मोजायची, नऊ इंची की साडेचार. मग वर जायचं, बरोबर त्याच रेषेत वरच्या मजल्यावर भिंत आहे का बघायचं. डोक्यावर बीम आहे का, स्लॅब कुठून कुठे टेकलीय, ते बघायचं. आणि एवढं करूनही, नुसती जाडी ऐकून खूश व्हायचं नाही. सीवूड्सच्या एका नव्या टॉवरमध्ये एका साहेबांना बेडरूमची भिंत काढायची होती. जेमतेम सहा इंचांची. ठेकेदार म्हणाला, एवढीशी तर आहे. गोटीरामने ड्रिल मागवलं आणि एक भोक पाडायला लावलं. लाल भुकटी काही येईना. अर्धा इंच आत जाऊन ड्रिल किंचाळायला लागलं. "साहेब, हित वीटच नाय," गोटीराम म्हणाला. "ह्या टॉवरला खांबच नायत. भिंतीच खांब. सगळी बिल्डिंग साच्यात ओतलेली हाय." साहेबांनी भिंतीवर टीव्ही लावला आणि विषय मिटवला.

सांगायचा मुद्दा, या बाबतीत गोटीरामचा शब्द म्हणजे शब्द. चाळीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता, आणि हे त्यालाही पाठ होतं. नम्रपणा हा गुण त्याच्याकडे होता, पण तो जरा बेताने वापरायचा.

तर मालतीबाईंच्या घराची गोष्ट.

मालतीबाई म्हणजे धर्मराजची बायको. धर्मराज गोटीरामचा लहानपणापासूनचा दोस्त. मिठागराच्या बांधावर दोघांनी एकत्र चिंबोऱ्या पकडल्या आणि एकत्र मार खाल्ला. धर्मराज जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर गोटीराम दर रविवारी मालतीबाईंकडे चहाला जातो, ओट्यावर बसतो, विशेष काही बोलत नाही. मालतीबाईही विशेष काही बोलत नाहीत. दोघांच्या मधे धर्मराजची जागा रिकामी ठेवल्यासारखी असते. इतक्या वर्षांचं आहे, कुणाला त्यात काही सांगायचं उरलेलं नाही.

या मार्गशीर्षात मालतीबाईंच्या लेकीचं, मनस्वीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्न एक वेळ साधं चालेल, हळद साधी चालत नाही. हळदीला गाव येतं, गावाचे पाहुणे येतात, त्या पाहुण्यांचे पाहुणे येतात. मांडव गल्लीत घालता येतो, पण नवरीला हळद लावायची ती घरात, आणि धवलारीण गाणी म्हणायला बसते तीही घरात. मालतीबाईंच्या घरात पुढची खोली आणि मागचं स्वयंपाकघर यांच्या मधे एक भिंत. त्या भिंतीमुळे पुढे बारा बायका बसल्या की तेराव्या बाईला दाराच्या उंबऱ्यावर बसावं लागतं.

"काका, ती मधली भिंत काढून टाकतो," मालतीबाईंचा मुलगा तेजस म्हणाला. तेजस गाड्या भाड्याने देतो, सगळ्या कामांची त्याला घाई असते. "हळदीला मोठा हॉल होईल. आईला पन नंतर मोकळं वाटेल. तुमी फक्त सांगा, पडदी हाय ना?"

गोटीराम ओट्यावर बसला होता. हातात चहा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने छताकडे न बघता उत्तर दिलं.

"पडदीच हाय. मीच घातलीय."

ते खरं होतं. ब्याण्णव साली घर नुसतं एक मजली होतं. वर स्लॅब, चारी बाजूंनी नऊ इंची भिंती, आत एकच लांब खोली. धर्मराजला मागचा भाग भाड्याने द्यायचा होता. तेव्हा शहरात नोकरीला आलेली पोरं खोल्या शोधत गावातून फिरायची. गोटीरामने दोन दिवसांत भिंत घातली. अर्धी वीट, साडेचार इंची, लादीवरच उभी केली. पाया खणला नाही, कारण पडदीला पाया कशाला? त्याला गुरूने शिकवलेलं एक काम तर त्याने फार मन लावून केलं होतं. भिंतीचा सगळ्यात वरचा सांधा, स्लॅबच्या खालचा, त्याने दाबून भरला नाही. स्लॅब काळाने थोडी लवते. तिला खाली यायला जागा हवी, नाहीतर ती पडदीवर येऊन बसते. म्हणून त्या सांध्यात त्याने रेती जास्त आणि सिमेंट कमी असा कच्चा मसाला घातला आणि वरून प्लास्टर ओढलं. दुसऱ्या दिवशी मालतीबाईंनी त्या भिंतीला गेरूचा हात दिला. तेव्हा त्यांना लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि गोटीराम त्यांच्याशी बोलताना जमिनीकडे बघायचा.

एवढं सगळं त्याला आठवत होतं, विटेसकट आठवत होतं. त्यामुळे वर जाऊन बघायची त्याला गरज वाटली नाही. हाच माणूस, दुसऱ्याच्या घरी चार मजले चढून वरच्या भाड्याच्या लोकांना उठवणारा, इथे ओट्यावरून उठला नाही. स्वतःच्या हातावर माणसाचा जरा जास्तच विश्वास असतो. मला विचाराल तर गोटीरामची सगळी चूक एवढीच.

हळदीला नऊ दिवस उरले असताना तेजसने दोन कामगार आणि तोडायचं मशीन आणलं. सामान ओट्यावर गेलं. देव्हारा शेजारी गेला. मालतीबाईंनी नारळ वाढवला, कारण काही पाडायचं असलं तरी आमच्याकडे नारळ लागतो. पहिला घाव काकांनी घालायचा, असं तेजसने ठरवलं होतं. मनस्वी मोबाईल घेऊन समोर उभी राहिली.

गोटीरामने मशीन बाजूला ठेवायला लावलं. भिंत पाडायची ती वरून, एकेक ओळ उतरवत, हा त्याचा नियम. तो स्टुलावर चढला. छिन्नीने वरच्या सांध्यावरचं प्लास्टर हातभर लांबीचं उडवलं आणि खिशातून हॅक्सॉचं जुनं पातं काढलं. पातं त्या कच्च्या मसाल्यात लोण्यात सुरी जावी तसं जाईल, मसाला भुरभुरत खाली पडेल, मग पहिली वीट हाताने उचलता येईल, असा त्याचा हिशेब होता. मनस्वीला तेच दाखवायचं होतं त्याला. बघ पोरी, तुझ्या जन्माच्या आधी कसं काम करत होतो.

पातं आत गेलं नाही.

त्याने जरा पुढे लावून बघितलं. तिथेही गेलं नाही. त्याने खिळ्याने सांधा खरवडला. त्याने घातलेला मसाला तिथे होता, पण चिरडून पातळ झालेला, दगडासारखा दाबलेला. वीट जवळजवळ स्लॅबला भिडली होती. आणि सगळ्यात वरच्या ओळीतल्या एका विटेला वरून खाली अशी उभी, केसाएवढी बारीक चीर होती.

मनस्वी मोबाईल धरून होती. "काका, मारा ना," ती म्हणाली.

गोटीराम खाली उतरला. त्याने भिंतीच्या बुडाशी वाकून लादीवर हात फिरवला. भिंतीलगतची लाद्यांची ओळ बाजूच्या ओळीपेक्षा किंचित खाली गेली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, तळहाताला कळत होतं. इतकी वर्षं मालतीबाई तिथे पोछा मारताना पाणी साचतं म्हणून कुरकुर करायच्या. तो ऐकत होता आणि चहा पीत होता.

"कुनी कायला हात लावू नका," तो म्हणाला आणि चप्पल न घालताच बाहेर पडून जिना चढला.

वर स्मिता आणि विलास भाड्याने राहतात. साताऱ्याकडचे. विलास बँकेत, स्मिता घरी शिकवण्या घेते. गोटीरामने दार वाजवलं तेव्हा तिच्या समोर चार मुलं पाढे म्हणत बसली होती. स्मिता बाजूला झाली, कारण घामाने भिजलेला, अनवाणी म्हातारा दारात उभा राहून "जरा भिंत बघायची हाय" असं म्हणाला तर काय करायचं ते तिला सुचेना.

त्याने भिंत बघितली. खालच्या पडदीच्या बरोबर वर, त्याच रेषेत, वरच्या घराची मधली भिंत होती. तिला दार होतं. त्या दाराच्या चौकटीशी गोटीरामने टेप लावला. प्लास्टर सोडून नऊ इंच. मग तो गच्चीवर गेला. गच्चीच्या स्लॅबला मधोमध जोड होता, दोन तुकड्यांत ओतलेली. दोन्ही तुकड्यांची टोकं मधल्या भिंतीवर येऊन टेकलेली असणार, हे त्याला त्या जोडावरूनच कळलं. आणि त्या जोडाच्या शेजारी दोन पाण्याच्या टाक्या होत्या, हजार हजार लिटरच्या.

नव्व्याण्णव साली हा मजला चढला. गोटीराम तेव्हा मस्कतला होता, दोन वर्षांच्या कामावर. धर्मराजने कुणा दुसऱ्या गवंड्याकडून घेतलं. त्या गवंड्याने खाली भिंत बघितली आणि तिच्या डोक्यावर भिंत चढवली, नऊ इंची, साडेचार इंचीच्या डोक्यावर. त्याने बीम घातला नाही, खालच्याला पाया आहे की नाही हे विचारलं नाही. गोटीराम परत आला तेव्हा सगळं रंगवून झालं होतं. तो घरभरणीला आला, मटण जेवला आणि धर्मराजला शाबासकी देऊन गेला.

खाली कामगार मशीनला वायर जोडून बसले होते. पातं आत गेलं असतं, एक वीट निघाली असती, मग तो म्हणाला असता "चालू करा." मग काय झालं असतं, हे त्याच्याएवढं कुणालाच नीट दिसलं नसतं. त्याला वर पाढे म्हणणारी चार मुलं दिसली. ओट्यावर नारळाचं खोबरं वाटत बसलेल्या मालतीबाई दिसल्या.

मग तो खाली आला. येताना त्याला पुरतं कळलं होतं, आपल्याला काय बोलावं लागणार आहे ते. एक वेळ असंही मनात आलं की तेजसला म्हणावं, आज मुहूर्त चांगला नाय. नंतर बघू. लोकांनी विश्वास ठेवला असता.

"तेजस, मशीन बंद कर. ही भिंत पाडायची नाय," तो म्हणाला. "मी चुकलो."

तेजसचा चेहरा पडला, मग लाल झाला.

"काका, तुमीच बोललात पडदी हाय. तुमीच घातलीय."

"पडदीच घातली होती. पन तिच्यावर आता वरचं घर बसलंय. गच्ची आन टाक्या सगळं हिच्या डोक्यावर हाय."

"साडेचार इंचाच्या भिंतीवर?" दोघांपैकी एक कामगार हसला. "चाचा, ये क्या उठाएगी?"

"उठाती है," गोटीराम म्हणाला. "पंचवीस साल से उठाती है. उसको किसीने पूछा नहीं."

तेजसने डोकं धरलं. हळदीला नऊ दिवस, पत्रिका वाटून झालेल्या, आणि आता काकांचा शब्द फिरलेला. तो म्हणाला, आपण दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. गोटीराम लगेच म्हणाला, "दाखवायचंच हाय. इंजिनीअर बोलाव. माझ्या शब्दावर आता काय करू नको." ते म्हणताना त्याचा आवाज बारीक झाला आणि मालतीबाईंनी खोबरं वाटायचं थांबवलं.

इंजिनीअर म्हणून क्षिप्रा आली, नेरूळची, तिशीच्या आतली, डोक्यावर हेल्मेट आणि हातात लोखंड शोधायचं यंत्र. गोटीरामने तिला आधी वर नेलं, मग गच्चीवर, मग खाली. तिने सांधा बघितला, विटेची चीर बघितली, तळहाताने लादी बघितली. भिंतीच्या बुडाशी एक लादी काढून खाली पाया नाही हे बघितलं. यंत्र फिरवून खालच्या स्लॅबमधलं लोखंड कुठून कुठे जातं तेही बघितलं. एवढा भार मधोमध पेलेल असं त्या स्लॅबमध्ये काही नव्हतं.

"गच्चीचा भार वरच्या मधल्या भिंतीवर येतो," ती तेजसला समजावू लागली. "ती भिंत खालच्या स्लॅबच्या मधोमध उभी आहे. स्लॅब एकटीला ते झेपलं नसतं, ती लवली आणि या भिंतीवर टेकली. बांधली तेव्हा ही पार्टिशनच होती. आता नाहीये. मूळ काय होती याला काही अर्थ नसतो. आज तिच्यावर काय आहे ते बघायचं."

"ते मला माहीत होतं," गोटीराम म्हणाला. "मी दुसऱ्यांना सांगत आलोय. इथं बघितलं नाय."

क्षिप्राने त्याच्याकडे बघितलं. त्या मुलीने त्याला उगाच धीर दिला नाही, ते गोटीरामला फार आवडलं. तिने कागदावर काढून दिलं, काय करायचं ते. टाक्या आजच रिकाम्या करायच्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंना फळ्यांवर लोखंडी जॅक उभे करायचे, स्लॅबला आधार द्यायला. लग्न होईपर्यंत भिंतीला कुणी धक्का लावायचा नाही, वर नाच नाही, गच्चीवर मांडव नाही. मग दोन्ही टोकांना खड्डे खणून, पाया घेऊन खांब, त्यावर लोखंडी गर्डर, गर्डर आणि स्लॅबच्या मधे घट्ट भरण. ते सुकून भार गर्डरने घेतला की मग भिंत काढायची. पंचवीस दिवस तरी लागतील. पालिकेची परवानगी वेगळी.

"हळद?" तेजसने विचारलं.

"भिंतीसकट," क्षिप्रा म्हणाली.

जॅक गोटीरामनेच लावले. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच. गुडघे बोलत होते, तो ऐकत नव्हता. एकेक जॅक स्लॅबला भिडेपर्यंत फिरवायचा, आणि भिडला की थांबायचं, जास्त नाही, नाहीतर स्लॅबच वर ढकलली जाते. संध्याकाळपर्यंत मालतीबाईंची पुढची खोली बांबूच्या बनासारखी झाली. बारा बायका बसायच्या तिथे आता आठ बसल्या असत्या.

त्या नऊ दिवसांत गावात बातमी फिरली. गावातल्या बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. गोटीराम चुकला. गोटीराम म्हणाला पाडा. पोरांनी मारलाच असता घाव. वाशीच्या एका बाईंनी त्याला रविवारी बोलावलं होतं, त्यांचा फोन आला, आम्ही दुसऱ्यांना विचारलंय. गोटीराम बरं म्हणाला. त्या रविवारी तो चहालाही गेला नाही. मालतीबाईंच्या घरात शिरायचं म्हणजे त्या जॅकच्या रांगेतून वाट काढायची, आणि प्रत्येक जॅक त्याला सांगायचा तू काय करणार होतास ते. त्याला रात्री धर्मराज आठवायचा. धर्मराज काही बोलायचा नाही, पण तो जिवंत असतानाही विशेष बोलायचा नाही.

हळदीच्या दिवशी मात्र तो दुपारपासून हजर. नवे कपडे, डोक्यावर टोपी. त्याने कुणालाच विचारलं नाही, थेट पुढच्या खोलीत जॅकच्या रांगेशी स्टूल टाकून बसला. पोरं जॅकला धरून गोल फिरू लागली की त्यांना हाकलायचं. कुणी झेंडूची माळ बांधायला आलं की "हितं नाय" म्हणायचं. गल्लीत मांडव होता, तिथे बाजा वाजत होता. आत धवलारीण बसली होती, म्हातारी शेवंताबाई, आवाज अजून खणखणीत. तिच्यासमोर पाटावर मनस्वी. जागा इतकी कमी की हळद लावायला येणारी प्रत्येक बाई जॅकच्या मधून तिरकी होऊन शिरत होती.

आणि प्रत्येकजण विचारत होता.

"हे काय रे गोटीराम? लग्नघरात टेकू?"

"माझी चूक," गोटीराम म्हणायचा. "भिंत पाडायला सांगितली होती मी. वरचा सगळा भार तिच्यावर हाय. बघितलं नाय."

उलव्याच्या मावशीला सांगितलं. पनवेलच्या व्याह्यांना सांगितलं. ज्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं अशा माणसांनाही सांगितलं. सुरुवातीला सांगताना मान खाली जायची, पुढे पुढे ती खाली जायचंही थांबलं. आवाज मात्र दर वेळी तसाच यायचा. चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस एका संध्याकाळी चाळीस वेळा चूक कबूल करत होता. मला त्याची दया आली असं म्हणणार नाही. मला त्याचा अभिमान वाटला, आणि ते त्याच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही, म्हणून इथे लिहितो.

मालतीबाई पाटाशेजारी बसून हे सगळं ऐकत होत्या. लेकीची आई, त्या दिवशी शंभर कामं. पण त्या ऐकत होत्या.

स्मिता खाली आली, मुलगी सईला घेऊन. वरचे म्हणून त्यांना मान होता. सई पाच वर्षांची. तिने जॅक बघितले आणि मोठ्या आवाजात विचारलं, "आजोबा, हे खांब कशाला?"

गोटीराम उठून उभा राहिला. चाळीस जणांना त्याने सांगितलं होतं, एकेचाळिसाव्याला सांगायला त्याला काही अडचण नव्हती. पण ही वरची मुलगी होती. पाढे म्हणणाऱ्या मुलांच्या घरातली. त्याने तोंड उघडलं.

"ते ह्या आजोबांनी लावलेत," मालतीबाई पाटापासून म्हणाल्या. बाजूच्या बायकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तू वर झोपतेस ना, तुझ्यासाठी. सगळी मंडळी पाडा पाडा बोलत होती. आमचे गोटीभाऊ एकटे बोलले, नको."

"वैनी," गोटीराम म्हणाला, "मी आधी पाडाच बोललो होतो."

"बोलला होतात," मालतीबाई म्हणाल्या. "मी होते ना हितंच, ऐकलंय मी. तुमचं तेवढंच ऐकायचं काय सगळ्यांनी?"

त्यांनी वाटीत हात घातला, उठल्या, जॅकच्या मधून तिरक्या होऊन आल्या आणि गोटीरामच्या दोन्ही गालांना हळद लावली. नव्या टोपीलाही लागली. शेवंताबाईने पुढचं गाणं उचललं होतं, बाहेर बाजा होता. गोटीराम परत स्टुलावर बसला.

त्यानंतर दारातून उरणचे पाहुणे आत आले. त्यांच्यातल्या एकाने जॅककडे बघून विचारलं, हे काय म्हणून.

गोटीरामने काही सांगायच्या आधीच बायकांमधून तीन-चार जणी एकदम म्हणाल्या, "आमच्या गोटीरामने लावलेत."